अर्धा, पण कशाचा?

तोंडी परीक्षेत पेल्टन चाकावर एक प्रश्न ठरलेला असतो आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. "बकेटचा वेग किती ठेवायचा?" "जेटच्या वेगाच्या निम्मा, मॅडम." यापुढे मी त्यांच्याच बोलीत विचारते, "काहून?" इथे बहुतेकांची गाडी अडते. जो हुशार असतो तो कागद ओढून घेतो, शक्तीचं सूत्र लिहितो, त्याचं विकलन करून शून्याबरोबर मांडतो आणि निम्मा काढून दाखवतो. गणित बरोबर असतं, पण पाण्याचं काय झालं ते त्यात कुठेच नसतं.

चंद्रपूरच्या एका तंत्रनिकेतनात मी बरीच वर्षं हायड्रॉलिक मशीन्स शिकवते. वर्गात मूल, नागभीड, ब्रह्मपुरीची मुलं असतात, तशी गडचिरोलीकडची अहेरी, एटापल्ली, सिरोंच्याचीही असतात. पेल्टन चाक यांच्यापैकी कुणीच गावाकडे पाहिलेलं नसतं, कारण ते या मुलखाचं यंत्रच नाही. आमच्याकडे वीज म्हणजे कोळसा. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट, आणि वर्गातल्या एखाद्या तरी मुलाचे वडील तिथे कामाला असतात. पेल्टन चाक सह्याद्रीच्या कड्यांचं. खोपोलीला टाटांच्या वीजघरात ते १९१५ पासून फिरू लागलं, कोयनेच्या पोफळीच्या भूमिगत वीजघरात साठच्या दशकात आलं. आमच्या वाट्याला आलेलं चाक प्रयोगशाळेतलं. लोखंडी चौकटीवर बसवलेलं, समोर काचेसारख्या पारदर्शक पत्र्याची खिडकी, खाली सम्प, बाजूला पाच हॉर्सपॉवरचा पंप. डोंगर नाही म्हणून पंपाने दाब तयार करायचा आणि त्यालाच हेड म्हणायचं.

हे चाक मी शिकवते ते सूत्रापासून नाही, बाहेर पडणाऱ्या पाण्यापासून.

नोझलमधून झोत सेकंदाला २४ मीटर वेगाने येतो असं धरा. बकेट म्हणजे मधोमध धार असलेली दोन वाट्यांची जोडी. झोत धारेवर दुभंगतो, दोन्ही वाट्यांच्या पोटातून वळतो आणि जवळजवळ आल्या दिशेलाच परत फिरतो. आता ब्रेक आवळून चाक गच्च धरलं, तर पाणी २४ ने येतं आणि घर्षण सोडलं तर २४ नेच मागे जातं. बकेटवर जोर प्रचंड बसतो, पण चाक हलत नाही, म्हणजे काम शून्य. पाणी आपली सगळी ऊर्जा घेऊन परत जातं. याउलट चाक २४ नेच पळू लागलं, तर झोत बकेटला गाठतच नाही. जोर शून्य, म्हणून काम पुन्हा शून्य. खरी गोष्ट या दोन शून्यांच्या मध्ये आहे.

बकेट १२ ने पळत असेल, तर पाणी तिला २४ ने नाही, १२ ने गाठतं. बकेटच्या पोटातून ते बकेटच्या मानाने १२ नेच मागे वळतं. पण बकेट स्वतः १२ ने पुढे चाललेली आहे. जमिनीवर उभ्या माणसाला दिसतं ते असं, की १२ पुढे आणि १२ मागे मिळून पाण्याजवळ वेगच उरत नाही. ते खाली सम्पात पडतं. बल्लारपूरच्या रस्त्यावर पुढे धावणाऱ्या कोळशाच्या ट्रकच्या मागच्या फळीवर ट्रकच्या दुप्पट वेगाने चेंडू मारला, तर तो उसळून मागे येत नाही, फळीपासून सुटून जागच्या जागी रस्त्यावर पडतो. तेच इथे. एकदा हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "मंग पानी मेलं म्हना की, मॅडम." मी तो शब्द उचलला. वेग मेला म्हणजे ऊर्जा चाकात गेली.

बकेट ८ ने चालवली तर काय होतं? पाणी तिला १६ ने गाठतं, १६ ने मागे वळतं, बकेट ८ ने पुढे, म्हणून पाणी ८ ने उलटं फिरतं, नोझलच्या दिशेला. ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. ८ हा २४ चा तिसरा हिस्सा, म्हणून नववा हिस्सा ऊर्जा वाया. बकेट १८ ने चालवली तर पाणी ६ ने गाठतं, ६ ने मागे वळतं, पण बकेटच १८ ने पुढे असल्याने पाणी १२ ने चाकाच्या दिशेला पळत राहतं. १२ हा २४ चा निम्मा, म्हणून चौथा हिस्सा ऊर्जा वाया. चाक हळू असो की जोरात, पाणी जिवंत सुटलं तर तेवढं नुकसान.

सूत्राने हेच येतं. जोर ठरतो पाणी बकेटला किती वेगाने गाठतं त्यावर, म्हणजे (V − u) वर. शक्ती म्हणजे जोर गुणिले बकेटचा वेग, म्हणजे (V − u) × u. हे दोन आकडे मिळून नेहमी २४ होतात, आणि बेरीज ठरलेली असताना गुणाकार सर्वांत मोठा होतो तो दोन्ही सारखे असताना. १२ गुणिले १२ म्हणजे १४४, १६ गुणिले ८ म्हणजे १२८, ६ गुणिले १८ म्हणजे १०८. विकलनाची गरजच पडत नाही.

प्रत्यक्षात बकेट पाण्याला पूर्ण १८० अंशांत वळवत नाही. तसं केलं तर ते पाणी मागून येणाऱ्या पुढच्या बकेटच्या पाठीवर आदळेल आणि चाकाला ब्रेक लावेल. म्हणून १६५ अंशांच्या आसपास वळवून ते जरा बाजूला फेकतात. या बाजूच्या वेगापायी जाणारी ऊर्जा पावणेदोन टक्क्यांच्या आसपास भरते. मात्र निम्म्याचा नियम त्याने हलत नाही. शक्तीच्या सगळ्या आकड्यांना एकच गुणक लागतो, शिखराची जागा तीच राहते.

आता एका प्रश्नाकडे येते. सिरोंच्याकडच्या एका मुलीने तो विचारला होता आणि मला तो आजही या सबंध प्रकरणातला सर्वांत चांगला प्रश्न वाटतो. पाठ्यपुस्तकात पेल्टन चाकाच्या आधी झोताच्या आघाताचा धडा असतो. त्यात झोत एका सरकत्या पट्टीवर आदळतो आणि जास्तीत जास्त काम मिळण्यासाठी पट्टीचा वेग झोताच्या एक तृतीयांश हवा असं सिद्ध केलेलं असतं. ती म्हणाली, "पट्टीला एक तृतीयांश, बकेटला अर्धा. झोत तोच, नियम दोन काहून?" वर्गात हसू झालं. पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, यावर मोठमोठी माणसं अडली होती. १७०४ मध्ये आंत्वान पारां या फ्रेंच गणितज्ञाने पाणचक्कीसाठी एक तृतीयांशच सांगितलं होतं आणि पुढे अनेक वर्षं ते चाललं. १७५९ मध्ये इंग्लंडच्या जॉन स्मीटनने प्रतिकृतींवर मोजमापं करून दाखवलं की चांगला वेग एक तृतीयांशाच्या वर, निम्म्याच्या बाजूला सरकतो. १७६७ मध्ये फ्रान्सच्याच बोर्दाने कारण मांडलं आणि निम्म्यावर शिक्का बसला. पेल्टनचं पेटंट १८८० चं, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींवर काम करणारा हा सुतार आपलं चाक घडवत होता तेव्हा हा वाद मिटून शंभर वर्षं झाली होती.

कारण असं. नोझलमधून सेकंदाला साडेसात लिटर पाणी सुटतं असं धरा. एकच पट्टी ८ ने दूर पळत आहे. झोत २४ चा, पण पट्टीला गाठण्याचा वेग १६, म्हणजे सुटलेल्या पाण्याच्या दोन तृतीयांश, पाच लिटरच तिच्यावर पोचतं. उरलेलं अडीच लिटर कुठे गेलं? कुठेच नाही, ते हवेत आहे. नोझल आणि पट्टी यांच्यातलं अंतर दर सेकंदाला वाढतं आणि तेवढा लांब झोत हवेत लोंबत राहतो. पट्टी जितकी वेगाने पळेल तितकं कमी पाणी तिला सापडेल. म्हणून तिथे (V − u) एकदा जोरासाठी आणि एकदा पाण्याच्या मापासाठी, असा दोनदा येतो. १६ × १६ × ८ म्हणजे २०४८, तर १२ × १२ × १२ म्हणजे १७२८. हळू पट्टी जिंकते.

चाकात मात्र बकेटमागे बकेट येते. पुढची बकेट झोतात शिरली की तो कापला जातो. आधीच्या बकेटसाठी हवेत निघालेला तुकडा आपल्या बकेटला गाठून काम पुरं करतो, आणि त्याच वेळी नव्या बकेटवर नवं पाणी आदळायला लागलेलं असतं. कधी कधी दोन बकेट एकदम काम करत असतात. नोझल आणि चाक यांच्यातला झोत लांबत जात नाही, म्हणून सुटलेलं साडेसातच्या साडेसात लिटर पाणी कुठल्या ना कुठल्या बकेटला मिळतं. पाण्याचं माप चाकाच्या वेगावर अवलंबून राहत नाही. एक (V − u) गळतो आणि तृतीयांशाचा अर्धा होतो.

म्हणजे निम्मा वेग ही बकेटच्या आकाराची देणगी नाही, बकेटच्या रांगेची आहे. चपट्या पट्ट्यांची रांग लावली तरी उत्तम वेग निम्माच येईल, फक्त कार्यक्षमता पन्नास टक्क्यांवर अडकेल, कारण चपटी पट्टी पाण्याला मागे न वळवता नुसतं बाजूला सांडते. वाटीच्या आकाराने दुसरे पन्नास टक्के मिळतात. हे कळलं की बकेट किती हव्यात याचाही अर्थ लागतो. चाकाचा व्यास झोताच्या व्यासाच्या दुपटीने भागून त्यात १५ मिळवायचे हा प्रचलित हिशेब. आमच्या चाकाचा व्यास ३०० मिलिमीटर, झोत २० चा, म्हणजे बावीस-तेवीस बकेट. त्याहून फारच कमी लावल्या तर दोन बकेटांच्या फटीतून पाणी कुणालाही न शिवता निघून जाईल. बकेटच्या टोकाला जी खाच असते तीही याच कामाची. नवी बकेट आडवी येताना झोताला लगेच अडवत नाही, खाचेतून आधीच्या बकेटकडे जाऊ देते, आणि नीट समोर आल्यावरच पाणी घेते.

आता प्रयोग. पंप चालू करायचा, स्पिअर मागे घेऊन झोत मोकळा करायचा आणि गेजवर ३ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब स्थिर करायचा. म्हणजे ३० मीटर हेड. नोझलमधलं थोडं नुकसान धरून झोताचा वेग २३.८ मीटर निघतो. त्याचा निम्मा ११.९, आणि ३०० मिलिमीटरच्या चाकाला तो मिळतो मिनिटाला ७५७ फेऱ्यांवर. चाकाच्या दांड्यावर ४०० मिलिमीटरचा ब्रेक ड्रम आहे. त्यावरून दोर जातो, एका टोकाला वजनं, दुसऱ्या टोकाला स्प्रिंग बॅलन्स. दोन्हींतला फरक हा चाकाने पेललेला निव्वळ भार. शक्ती काढताना ड्रमच्या त्रिज्येत दोराची निम्मी जाडीही मिळवायची. वजन वाढवत जायचं, दर वेळी फेऱ्या टॅकोमीटरने मोजायच्या.

आकडे जरा गोल करून देते. दोर पूर्ण सैल असताना चाक १४०० फेऱ्यांवर पळतं. ४.७ किलो निव्वळ भारावर १०५० फेऱ्या, शक्ती १०५० वॉट. ७.५ किलोवर ८४० फेऱ्या, १३४० वॉट. ९.४ किलोवर ७०० फेऱ्या, १४०० वॉट. पुढे भार वाढवला तर शक्ती उतरते. ११.३ किलोवर ५६० फेऱ्या आणि पुन्हा १३४० च्या आसपास, १३.१ वर ४२० फेऱ्या आणि ११७० वॉट. नोझलला मिळणारी पाण्याची शक्ती सुमारे २२०० वॉट, म्हणजे कार्यक्षमता चौसष्ट टक्क्यांच्या आसपास. मोठ्या पेल्टन यंत्रांत ती नव्वदच्या घरात असते. छोट्या चाकाचं बेअरिंग, खरबरीत बकेट, आवरणात उडणारे तुषार यांचा वाटा तुलनेने मोठा पडतो.

या वेळी दोन गोष्टींवर डोळा ठेवायला मी सांगते. पहिली, गेजचा काटा. ब्रेक कितीही आवळा, काटा हलता कामा नये. झोत उघड्या हवेत सुटतो, समोर चाक पळतंय की थांबलंय हे नोझलला कळत नाही. काटा हलला तर दोष पाण्याच्या बाजूला शोधायचा. सम्पाची पातळी उतरली असेल, गाळणीत पाला अडकला असेल, नाहीतर व्होल्टेज पडून पंप मंदावला असेल. दुसरी गोष्ट, खिडकी. आवरणाच्या मागून दिवा धरला तर बाहेर पडणारं पाणी दिसतं. मोकळ्या चाकात ते चाकाबरोबर पुढे पळतं. ७०० च्या आसपास बाजूंना पसरून खाली कोसळतं. भार फार झाला की उलटून नोझलच्या अंगाला तडाखे देतं. गणित नको असलेल्या मुलालाही हे तीन प्रकार ओळखता येतात.

एप्रिल-मेमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा आली की वेगळीच अडचण. चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर, आणि ब्रेक ड्रममध्ये १४०० वॉट, म्हणजे एका विजेच्या शेगडीएवढी उष्णता. ड्रमच्या आतल्या बाजूला पाणी सोडावं लागतं, नाहीतर दोर करपायला लागतो. पाणी जास्त झालं आणि दोरावर आलं की तो निसरडा होतो, स्प्रिंग बॅलन्सचा काटा थरथरतो आणि मुलं मधला कुठलाही आकडा लिहून मोकळी होतात.

आता ७०० आणि ७५७ चा घोळ. हिशेबाने शिखर ७५७ ला यायला हवं, आलं ७०० ला. ७०० फेऱ्यांवर बकेटचा वेग ११ मीटर, झोताच्या ०.४६ पट. पुस्तकातही ०.४५ ते ०.४७ असंच लिहिलेलं असतं, आणि मुलं ते घोकतात. पण ते चार शतांश कुठे गेले? मोकळ्या चाकाचा वेग पाहा. हिशेबाने झोताइतका, म्हणजे १५१४ फेऱ्या व्हायला हव्यात. होतात १४००, कारण दोर सैल असला तरी बेअरिंग आणि आवरणातली तुषारांनी भरलेली हवा चाकाला अडवतच असतात. भार शून्य असतानाही चाक या अदृश्य ब्रेकशी झगडत असतं. आता १४०० चे निम्मे करा. नेमके ७००. भार आणि फेऱ्या यांचा आलेख जवळजवळ सरळ रेषा असतो, आणि सरळ रेषेवर शिखर नेहमी मोकळ्या वेगाच्या निम्म्यावर येतं. म्हणजे चाक निम्म्याचा नियम मोडत नाही. ते झोताचा नाही, स्वतःच्या मोकळ्या वेगाचा निम्मा घेतं.

याचा व्यवहारात मोठा उपयोग आहे. शक्तीचा आलेख माथ्यावर फार सपाट असतो. शिखरापासून वीस टक्के इकडे-तिकडे गेलं तरी शक्ती चारच टक्के घटते, हे वरच्या आकड्यांत दिसतंच. अशा सपाट माथ्यावर टेकडीचं टोक डोळ्यांनी शोधायला गेलं की एक मुलगा ६५० लिहितो, दुसरा ७८०, आणि दोघांचे आलेख छान दिसतात. त्यापेक्षा भार-फेऱ्यांची सरळ रेषा काढावी, ती शून्य भाराला कुठे मिळते ते पाहावं आणि त्याचं निम्मं करावं. उत्तर जास्त खात्रीचं येतं.

मोकळा वेग माहीत असला की दोषही पकडता येतो. एका बॅचचं गुणोत्तर ०.४० आलं. गेजवर ४ किलो दाब दिसत होता, त्यावरून झोताचा वेग साडेसत्तावीस मीटर काढला होता, आणि शिखर नेहमीच्या ७०० ला. मुलांना वाटलं बकेट झिजल्या. मी मोकळा वेग विचारला. तो १४०० च होता, वजनंही नेहमीचीच. बकेट झिजल्या असत्या किंवा नोझलच्या तोंडाशी काही अडकून झोत फुटला असता, तर वजनं घटली असती. चाकाला तोच जुना झोत मिळत होता, वेगळं बोलत होतं ते फक्त गेज. पंप बंद करून पाहिलं, काटा १ वर थांबलेला. पंप सुरू होतानाचे धक्के खाऊन गेजमधली वाकडी नळी कायमची थोडी सरळ झाली होती. गेज बदललं, गुणोत्तर पुन्हा ०.४६.

मुलं पुढे विचारतात, की मग वीजघरात बकेटचा वेग निम्म्यावर कोण आणून ठेवतं? कुणीच नाही, तो आधीच ठरलेला असतो. ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झ, जनित्राचे ध्रुव ठरलेले, म्हणून फेऱ्याही ठरलेल्या. कड्याची उंची ठरलेली, म्हणून झोताचा वेग ठरलेला. हातात उरतो तो चाकाचा व्यास. पोफळीला हेड पावणेपाचशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे झोत सेकंदाला ९५ मीटरच्या जवळ. बकेट ४४ च्या आसपास हवी. जनित्र ३०० फेऱ्यांचं घेतलं, तर चाक पावणेतीन मीटर व्यासाचं करावं लागतं. निम्म्याचा नियम वीजघर चालवणाऱ्याच्या हातात नसून आराखडा काढणाऱ्याच्या हातात असतो. विजेची मागणी कमी झाली तर फेऱ्या कमी करत नाहीत, स्पिअर पुढे सरकवून झोत बारीक करतात. झोत बारीक झाला तरी त्याचा वेग तोच राहतो, निम्म्याचं नातं टिकतं, आणि म्हणूनच पेल्टन चाक अर्ध्या भारावरही फारसं ढासळत नाही.

आणि भार एकदम तुटला तर? ब्रेक सैल सोडलेल्या आमच्या चाकाचं जे होतं तेच मोठ्याचं होऊ पाहतं, वेग दुपटीकडे धावतो. स्पिअर झटकन बंद करावा तर डोंगरावरून येणाऱ्या नळात पाणी आदळून तो फुटायचा धोका. म्हणून झोताच्या आड एक पोलादी पट्टी, डिफ्लेक्टर, आधी क्षणात घालतात, झोत चाकापासून वळवतात आणि मग स्पिअर सावकाश बंद करतात.

शेवटी दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, आपल्या वैनगंगेवर का नाही?" पाणी तर पुष्कळ. चपराळ्याजवळ वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याला गोदावरीत जाते, पावसाळ्यात पलीकडचा काठ धूसर दिसतो. मी त्यांना फळ्यावर हिशेब करायला लावते. बंधाऱ्याने पाच मीटर हेड मिळालं असं धरा. झोताचा वेग ९.७ मीटर, बकेटचा साडेचार. ३०० फेऱ्या हव्या असतील तर चाक जेमतेम २९ सेंटिमीटरचं. झोत चाकाच्या साधारण दहाव्या हिश्श्याहून जाड चालत नाही, म्हणजे तीन सेंटिमीटर. त्यातून जाणार सेकंदाला सात लिटर. सात लिटर पाणी पाच मीटरवरून पडलं की होतात साडेतीनशे वॉट, एक मिक्सर कसाबसा चालेल. वैनगंगा तशीच वाहत राहील.

अशा पाण्याला कापलानसारखं यंत्र लागतं. त्यात पाणी उघड्या झोताने येत नाही, दाबाखाली भरलेल्या वाटेने पात्यांवरून जातं, आणि पात्यांच्या टोकाचा वेग त्या हेडच्या पूर्ण झोतवेगाहूनही जास्त, दीडपट-पावणेदोनपट ठेवतात. निम्म्याचा नियम तिथे लागू नाही.